मुले जिथे अडखळतात, तिथे ओळ दुरुस्त करावी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. रोजच्या लहान लहान चांगल्या वागण्यावर मी मुलांसाठी चार ओळी लिहिल्या आणि त्या परिपाठात म्हणून घेतल्या:

सदा सर्वांना मदत करावी,
दयाळू वृत्ती अंगी बाणवावी,
लहान कृतींचे मोठे महत्त्व असे,
त्यामुळे जगात प्रेम पसरत असे.

मुले दुसऱ्या ओळीपासून अडखळतात, आणि अर्थ विचारला की सगळी ‘मदत करावी’ एवढेच सांगतात. शेवटी बोध स्पष्ट यायला हवा, असे आमच्या मुख्याध्यापकांचे म्हणणे आहे. कवितेत काय चुकते आहे आणि ती कशी सुधारावी?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

सप्रेम नमस्कार.

तुमची मुले नेमकी दुसऱ्या ओळीपासून अडखळतात, ही फार उपयोगाची खूण आहे, कारण दोष मुलांच्या पाठांतरात नसून ओळीच्या लांबीत आहे आणि तो मोजून दाखवता येतो. मात्रांचा हिशेब तुम्हाला ठाऊक असेलच: ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ अक्षराच्या दोन, आणि जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल, तर त्या मागच्या अक्षराच्याही दोन. या हिशेबाने तुमची पहिली ओळ १७ मात्रांची होते, दुसरी २०, तिसरीही २० आणि चौथी १९. मुलांनी पहिल्या ओळीवर एक चाल धरली, की दुसरीत त्याच चालीत तीन मात्रा जास्त कोंबाव्या लागतात, आणि तो सगळा ताण ‘बाणवावी’ या शब्दावर येतो. तो शब्द सात वर्षांच्या मुलाच्या बोलण्यात नसतोच, म्हणून ते तिथे थांबते.

उपाय असा, की प्रत्येक ओळ १६ मात्रांची ठेवावी आणि तिचे आठ-आठ मात्रांचे दोन सारखे भाग पाडावेत. हे पादाकुलकाचे माप आहे. मराठी मुलांच्या कानावर ते इतके पडलेले असते, की चाल वेगळी शिकवावी लागत नाही. आठ मात्रा पूर्ण होतात तिथे शब्दही पूर्ण व्हावा, एवढे एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. शब्द मधोमध तुटला, तर मुले तिथेच श्वास घेतात आणि अर्थ हरवतो.

आता यमकाकडे पाहा. ‘करावी’ आणि ‘बाणवावी’ यांचे यमक जुळते, पण ते क्रियापदाच्या विध्यर्थी रूपातून आयते आलेले आहे, आणि अशा यमकाची किंमत मोजावी लागते. एकदा ‘आवी’ हा शेवट धरला, की पुढची प्रत्येक ओळ ‘असे करावे, तसे वागावे’ याच घाटात जाते. तुम्हाला उपदेश करायचा नसला, तरी यमकच तो करायला लावते. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत तर ‘असे’ हा एकच शब्द दोनदा आला आहे, त्यामुळे तिथे यमक साधल्याचा आनंद मुलांना मिळत नाही. पुढचा शब्द कोणता येणार हे कानाला अर्धवट कळावे आणि तरी तो वेगळा निघावा, यात यमकाची सगळी गंमत असते.

अर्थाच्या बाबतीतली अडचण मला याहून मोठी वाटते. मदत, वृत्ती, महत्त्व आणि प्रेम या चारही शब्दांत डोळ्यांपुढे काही येत नाही. मुलांना ‘मदत करावी’ याच्या पलीकडे काही सांगता येत नाही, कारण कवितेने त्यांना तेवढेच दिलेले आहे. चांगुलपणा का महत्त्वाचा, हे मुलाला कळायचे असेल, तर एक साधी कृती आणि त्या कृतीने दुसऱ्या माणसात झालेला बदल, या दोन गोष्टी एकमेकींना लागून दिसायला हव्यात. दोन ओळींचे कडवे याला अगदी सोयीचे आहे: पहिल्या ओळीत कृती आणि दुसऱ्या ओळीत बदल. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर मग वेगळे सांगावे लागत नाही.

या दोन गोष्टी धरून मी एक मसुदा केला आहे. तो तसाच वापरा किंवा मोडून तुमचा करा.

बाकावर मी जागा केली,
नव्या मुलाची भीती गेली.

सुई ओवली आजीसाठी,
तिच्या कपाळी मिटली आठी.

भाजीवाली दमून आली,
पाणी देता ताजी झाली.

डबा सांडला, रडली राणी;
अर्धी पोळी, पुसले पाणी.

नव्या मुलाने आज दुपारी
दिली नळावर अपुली बारी.

पहिली ओळ मनात प्रथम आली ती ‘बाकावर मी सरकुन बसलो’ अशी. तिच्याही मात्रा बरोबर सोळा भरतात, तरी मी ती दोन कारणांसाठी टाकली. एक तर ‘सरकून’ मधला ‘कू’ दीर्घ आहे. मात्रा भागवण्यासाठी तो ह्रस्व करणे कवितेत चालत आले असले, तरी दुसरीची मुले शुद्धलेखन नुकतीच शिकत असतात, आणि फळ्यावर लिहिलेली ओळ ती तशीच उतरवून घेतात. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. ‘बसलो’ हे रूप मुलग्याचे झाले, त्यामुळे वर्गातल्या मुलींना ते परक्याचे वाक्य म्हणावे लागले असते. ‘मी जागा केली’, ‘मी सुई ओवली’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते, म्हणून मुलगा म्हणो वा मुलगी, वाक्य बदलत नाही. मुलांसाठी ‘मी’ घालून लिहायचे असेल, तेव्हा भूतकाळातली अशी सकर्मक क्रियापदे निवडली की ही अडचण आपोआप सुटते.

मात्रा मोजताना ‘नव्या’ या शब्दावर तुम्ही थांबाल, म्हणून तो स्पष्ट करते. ‘व्या’ जोडाक्षर असले, तरी बोलताना ‘न’ वर आघात येत नाही, त्यामुळे ‘न’ ची एकच मात्रा धरायची आणि ‘नव्या’ च्या तीन. ‘तिच्या’ चेही तसेच. ‘अर्धी’ म्हणताना मात्र ‘अ’ वर स्पष्ट जोर येतो, म्हणून तिथे ‘अ’ च्या दोन मात्रा आणि शब्दाच्या चार. शंका आली तर शब्द मोठ्याने म्हणून पाहावा. लिहिलेल्या अक्षराकडे पाहून निर्णय केला, तर इथे हमखास चूक होते.

टाळी धरून म्हणून घेणार असाल, तर ती ओळीत दोनदाच द्यावी, आठ-आठ मात्रांच्या दोन्ही भागांच्या आरंभी. दर चार मात्रांना टाळी दिली, तर ‘बाकावर मी’ नीट जाईल, पण ‘सुई ओवली’ मध्ये दुसरी टाळी ‘ओ’ च्या मधोमध पडेल आणि ‘डबा सांडला’ मध्ये ‘सां’ च्या मधोमध. या दोन जागी आठ मात्रांची वाटणी चार-चार अशी नसून तीन, तीन आणि दोन अशी आहे. मोठ्या मापाच्या टाळीत ती सहज बसते, आणि सगळ्या कडव्यांची चाल एकसुरी होत नाही, म्हणून मी ती मुद्दाम राहू दिली आहे.

दुसऱ्या ओळींतला बदल निवडताना मी एक गोष्ट कटाक्षाने टाळली. आजीने खाऊ दिला, बाईंनी शाबासकी दिली, सगळे मला चांगले म्हणाले, असे एकाही कडव्यात येऊ दिलेले नाही. मुलांच्या पुष्कळ कवितांमध्ये चांगुलपणाचे फळ करणाऱ्याच्या पदरात पडते, आणि मग मुलाला तो एक व्यवहार वाटू लागतो. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २० महिन्यांच्या बाळांना, मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून दिल्याबद्दल, काहींना खेळण्याच्या रूपाने बक्षीस दिले, काहींचे नुसते कौतुक केले आणि काहींना काहीच दिले नाही. बक्षीस मिळालेली बाळे त्यानंतर इतरांपेक्षा कमी वेळा मदतीला आली. तुमची मुले त्यांच्याहून बरीच मोठी आहेत, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा त्यांना लावता येणार नाही. तरीही कवितेतले लक्ष बक्षिसाकडून काढून समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे नेणे, हे मला दोन्ही वयांत योग्यच वाटते. म्हणूनच आजीच्या कडव्यात आठी आली आहे. सुईच्या नेढ्यात दोरा जाता जात नाही, तेव्हा आजी डोळे बारीक करते आणि तिच्या कपाळाला आठी पडते, हे मुलांनी घरी पाहिलेले असते. ‘आठी’ हा शब्द एखाद्याला ठाऊक नसला, तर तुम्ही स्वतःच्या कपाळाला आठी पाडून दाखवा. पुढे कधी तो समजवावा लागणार नाही.

कृती निवडतानाही एक मर्यादा पाळली आहे. त्या सगळ्या सात वर्षांच्या मुलाला कोणाची परवानगी न मागता, पैसे न लागता आणि एकट्याने करता येतात. रस्ता ओलांडून देणे, अंध माणसाला घरी पोचवणे अशा गोष्टी कवितांत नेहमी येतात, पण एवढ्या मुलाने त्या एकट्याने करू नयेत असेच आपण त्याला घरी सांगतो. मग कविता एक सांगते आणि घर दुसरे. तुमच्या शाळेत दुपारी खिचडी मिळत असेल आणि मुले डबा आणत नसतील, तर राणीचे कडवे तुमच्या वर्गात उपरे वाटेल. ते काढून टाकायला माझी काहीच हरकत नाही.

शेवटच्या कडव्यात पहिल्या कडव्यातलाच नवा मुलगा परत येतो, पण या वेळी तो घेणारा नसून देणारा आहे. ‘त्यामुळे जगात प्रेम पसरत असे’ या तुमच्या ओळीत जे सांगायचे होते, तेच इथे एका मुलात आणि एका नळावर घडताना दिसते. त्याने आपली बारी कोणाला दिली, हे मी मोकळे ठेवले आहे. वर्गाला ते विचारा. कोणी सांगेल की बालवाडीतल्या लहान मुलीला दिली, कोणी सांगेल खेळून दमलेल्या मुलाला, आणि ही उत्तरे ‘मदत करावी’ याहून नक्कीच वेगळी असतील. ‘अपुली’ हे रूप तेवढे बोलण्यातले नाही. ‘आपली’ च्या पाच मात्रा होतात आणि इथे चारच बसतात, म्हणून कवितेत रुळलेले हे रूप मी घेतले. तुमच्याकडे बारीला पाळी म्हणत असतील, तर नुसता तो शब्द बदलून भागणार नाही, त्याचा जोडीदारही बदलावा लागेल: ‘नव्या मुलाने आज सकाळी, दिली नळावर अपुली पाळी’. मात्रा दोन्हीकडे सारख्याच आहेत.

पाचांपैकी एखादे कडवे तुमच्या वर्गातून आलेले असले, तर उत्तम. त्यासाठी मुलांना ‘तुम्ही कोणाला मदत केली?’ असे विचारू नका, कारण त्यावर पाठ केलेली किंवा वाढवून सांगितलेली उत्तरे येतात. ‘काल तुझ्यासाठी कोणी काय केले?’ असे विचारा. ज्याला मिळाले त्याला तपशील आठवतात, आणि कवितेला तपशीलच हवा असतो.

समजा, एखादी मुलगी म्हणाली, ‘माझी चप्पल चिखलात अडकली होती, ती ताईने काढून धुऊन दिली.’ यात कडव्याचा सगळा ऐवज आहे. ‘चिखलामध्ये’ आठ मात्रा, ‘चप्पल रुतली’ आठ मात्रा, म्हणजे पहिली ओळ लागलीच हाती आली: ‘चिखलामध्ये चप्पल रुतली’. ‘अडकली’ च्या जागी ‘रुतली’ घेतल्याने मात्राही जमल्या आणि चिखलही जास्त दिसू लागला. आता ‘रुतली’ शी जुळणारे ‘धुतली’ त्या मुलीच्याच वाक्यात आहे, म्हणून दुसरी ओळ ‘ताईने ती काढून धुतली’ अशी सुचते. ती म्हणून पाहिली, की ‘काढून’ पाशी घाई होते. मोजले तर उत्तरार्धात नऊ मात्रा निघतात. ‘काढुन’ लिहिले की हिशेब जमेल, पण शुद्धलेखनाची तीच अडचण पुन्हा उभी राहील. त्याऐवजी ‘लगेच’ घेऊन पाहा.

चिखलामध्ये चप्पल रुतली,
ताईने ती लगेच धुतली.

‘लगेच’ च्या चार मात्रा, ‘धुतली’ च्या चार. चप्पल चिखलातून काढल्याचे सांगितले नाही तरी चालते, कारण धुतली म्हणजे ती आधी बाहेर आलीच असणार, आणि ताईने वाट पाहायला लावली नाही हे जास्तीचे कळते. या कडव्यात बदल दुसऱ्या ओळीत वेगळा दाखवलेला नाही, म्हणून ‘मग त्या मुलीला काय वाटले असेल?’ असे तोंडी विचारावे लागेल. पाचांत असे एखादे कडवे असले तर बिघडत नाही. सगळीच तशी झाली, तर कविता कृतींची नुसती यादी होईल.

कविता जमली की नाही, हे पाहायला दोन साध्या परीक्षा पुरतात. तुम्ही ती सावकाश दोन-तीनदा म्हणून दाखवा, आणि पुढच्या वेळी प्रत्येक कडव्याचा शेवटचा शब्द सोडून थांबा. ‘नव्या मुलाची भीती…’ एवढे म्हटल्यावर वर्गातून ‘गेली’ असा आवाज आला, तर यमक आणि अर्थ दोन्ही मुलांपर्यंत पोचले आहेत. कुठे शांतता पसरली, तर तो शब्द बदलावा. दुसरी परीक्षा अडखळण्याची आहे. एखादेच मूल एखाद्या जागी थांबले, तर त्याला सवयीसाठी वेळ द्या. पण तीन-चार मुले एकाच जागी थांबत असतील, तर त्यांना पुन्हा पुन्हा म्हणायला न लावता ती ओळ घरी नेऊन मोजावी.

मुख्याध्यापकांच्या मागणीविषयी मला मनापासून असे वाटते, की बोध हवा हा त्यांचा आग्रह चुकीचा नाही, फक्त त्याची जागा कवितेच्या शेवटी नाही. शेवटी ‘म्हणून मुलांनो, असे वागा’ अशी ओळ आली, की आधीची सगळी कडवी तिच्यासाठी दिलेली उदाहरणे होऊन बसतात, आणि मुलांना तीच एक ओळ तेवढी लक्षात राहते. तुमच्या पहिल्या कवितेचे नेमके हेच झाले आहे. त्यांना असे सुचवून पाहा, की परिपाठात कविता आधी म्हणू द्यावी, मग दोन मुलांनी ‘माझ्यासाठी काल कोणी काय केले’ हे एकेका वाक्यात सांगावे, आणि सरांना जे सांगायचे आहे ते त्यांनी त्या दोन वाक्यांना धरून सांगावे. बोध त्यांच्या तोंडून येईल, तोही त्याच दिवशीच्या, मुलांच्या ओळखीच्या घटनेवर.

म्हणताना पहिली ओळ एका मुलाने आणि दुसरी सगळ्या वर्गाने म्हणावी, आणि एकट्याने म्हणणारे मूल रोज बदलावे. वर्गात तयार झालेले नवे कडवे चौथ्या कडव्यानंतर घाला. नव्या मुलाचे कडवे मात्र शेवटीच राहू द्या, कारण ते पहिल्या कडव्यावर उभे आहे आणि मध्ये आले तर त्याचा धागा मुलांच्या हातून सुटेल.